स्टब लावल्यावर एसडब्ल्यूआर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, स्मिथ चार्टवर कुठं चुकतंय?

प्रश्न: सर, स्मिथ चार्टवर सिंगल स्टब काढताना दोन उत्तरं येतात, त्यातलं कोणतं घ्यायचं? आणि पुस्तकात दिलंय तसंच काढून केबल कापली तरी एसडब्ल्यूआर उलट वाढला, कुठं चुकत असेल?

उत्तर:

तुम्ही तुमच्या अँटेनाचे आकडे दिले नाहीत, म्हणून मी माझ्याच लूपचे घेऊन सांगतो, कारण माझंही पहिल्यांदा अगदी असंच झालं होतं. लातूरला आमच्या गच्चीवर 145 मेगाहर्ट्झसाठी तांब्याच्या तारेचा चौकोनी लूप लावला होता, पूर्ण एका वेव्हलेंग्थचा. अशा लूपचा इम्पीडन्स 100 ओहमच्या आसपास असतोच, आणि माझी तार जरा लांब झाली होती त्यामुळं वर इंडक्टिव्ह भाग पण आला. नॅनोव्हीएनएवर लूपच्या टोकाशी 100 + j50 दिसलं. 50 ओहमच्या केबलवर हे म्हणजे 2.6 चा एसडब्ल्यूआर.

आता चार्ट. 50 ने भागलं की z = 2 + j1, हा ठिपका मांडा. आपला स्टब केबलला पॅरलल जोडायचाय आणि पॅरललमध्ये अॅडमिटन्सची बेरीज होते, इम्पीडन्सची नाही, म्हणून चार्टच्या मध्यातून सरळ रेघ ओढून तेवढ्याच अंतरावर पलीकडं जायचं. तिथं y = 0.4 − j0.2 मिळतं. इथून पुढं चार्टवर जे काही वाचाल ते सगळं अॅडमिटन्सच आहे, मधेच परत इम्पीडन्स समजायचं नाही. त्या ठिपक्यातून मध्यापासून रेघ बाहेर नेली की कडेच्या "वेव्हलेंग्थ्स टोवर्ड जनरेटर" पट्टीवर 0.463 येतं.

मग कंपास मध्यावर ठेवून या ठिपक्यातून वर्तुळ काढायचं. 1 च्या वर्तुळाला ते दोन जागी छेदतं, एकदा 1 + j1 ला आणि एकदा 1 − j1 ला. पहिली जागा पट्टीवर 0.162 ला आहे, दुसरी 0.338 ला. लोडपासून रेडिओकडं जायचं म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं. 0.463 पासून निघालो, 0.5 ला पट्टी संपून परत शून्यापासून सुरू होते, तिथून 0.162 पर्यंत, म्हणजे 0.037 अधिक 0.162, झालं 0.199 लॅम्डा. दुसऱ्या जागेसाठी तसंच मोजलं की 0.375 लॅम्डा. तुमची दोन उत्तरं ती हीच.

पहिल्या जागी +j1 जास्तीचा आहे, तो मारायला −j1 देणारा स्टब पाहिजे. शॉर्ट केलेल्या स्टबची सुरुवात अॅडमिटन्स चार्टवर उजव्या टोकाला होते, पट्टीवर 0.25 ला (शॉर्टचा अॅडमिटन्स अनंत, म्हणून उजवीकडं, इथं लई जण डावीकडून सुरू करतात), आणि बाहेरच्या कडेवर −j1 ची खूण 0.375 ला आहे. म्हणजे स्टब 0.125 लॅम्डा. दुसऱ्या जागी +j1 पाहिजे, तिथं ओपन स्टब घेतला तर तोही 0.125 लॅम्डाच येतो.

माझी निवड पहिली. कारण लूपपासून टी-कनेक्टरपर्यंतच्या तुकड्यात एसडब्ल्यूआर 2.6 चाच राहणार, स्टब फक्त त्याच्या खालची केबल सुधारतो, मग तो तुकडा जितका छोटा तितकं बरं. फ्रिक्वेन्सी जरा इकडंतिकडं झाली तरी छोट्या तुकड्याची वेव्हलेंग्थमधली लांबी कमी हलते. शिवाय ओपन टोकातून पावसाचं पाणी जाळीत शिरतं आणि हळूहळू वर चढतं, शॉर्ट टोक डाग देऊन वर हीटश्रिंक चढवलं की झालं. ओपन स्टबचा एक फायदा मात्र खरा आहे, कटरनं दोन-दोन मिलिमीटर छाटत जाता येतं. शॉर्टला कसं करायचं ते पुढं सांगतो.

आता सेंटीमीटर. 145 ला हवेतली वेव्हलेंग्थ 206.7 सेंटीमीटर, पण आरजी-58 च्या भरीव प्लास्टिकमध्ये लहर 0.66 पटच वेगानं जाते, म्हणून केबलमधली वेव्हलेंग्थ 136.5 सेंटीमीटर. त्यावरून टीपर्यंतचा तुकडा 27.1 आणि स्टब 17.1 सेंटीमीटर. हा 0.66 विसरलात तर 41 आणि 26 सेंटीमीटर कापाल आणि एसडब्ल्यूआर 2.9 च्या आसपास येईल, म्हणजे जवळपास होता तिथंच. असं झालं की वेगाचा आकडाच तपासायचा. बाजारातल्या केबलवर छापलेल्या नंबरवर विसंबू नका, मोजून घ्या: बरोबर एक मीटर तुकडा एका टोकाला उघडा ठेवून नॅनोव्हीएनएला लावा, इम्पीडन्स पहिल्यांदा जिथं तळाला जातो ती फ्रिक्वेन्सी बघा. 49.5 मेगाहर्ट्झ आली तर 0.66 बरोबर. फोमवाली केबल असेल तर तळ 60 च्या जवळ सापडेल.

पण तुमचा एसडब्ल्यूआर वाढलाय, तेव्हा तुमची भानगड वेगळी वाटते. माझ्या वेळी मी घड्याळाच्या उलट फिरलो होतो. 0.463 वरून मागं 0.338 ला आलो, अंतर 0.125 निघालं, 17 सेंटीमीटरवर टी लावला आणि वर 17 चा ओपन स्टब. एसडब्ल्यूआर 2.6 वरून थेट 6.9 ला गेला. दोन दिवस मी डाग उकलून परत देत बसलो, कनेक्टर बदलला, केबल बदलली, आकडा तिथंच. मग स्टब काढून टाकला आणि टीच्या जागीच मीटर लावला, तिथं 50 − j50 दिसलं. बघायला किती छान, 50 आलेत, आता फक्त −j50 मारला की झालं असं वाटतं! पण याचा अॅडमिटन्स काढा: y = 0.5 + j0.5. 1 च्या वर्तुळावर तो नाहीच. त्यात +j1 चा स्टब घातला की 0.5 + j1.5 झाला, म्हणून 6.9.

गंमत अशी की मध्यातून पलीकडं जायचंच विसरलं आणि z = 2 + j1 वरूनच घड्याळासारखं फिरलं तरी या लोडला हेच 0.125 येतं, त्यामुळं नुसत्या उत्तरावरून कोणती चूक झालीय ते कळत नाही. म्हणून स्टब लावायच्या आधी ही तपासणी कराच. फक्त 27.1 सेंटीमीटरचा तुकडा लावून टीच्या जागी मोजायचं. बरोबर असेल तर 25 − j25 दिसलं पाहिजे, कारण y = 1 + j1 चा उलटा z = 0.5 − j0.5, गुणिले 50. पहिल्यांदा 25 बघून माणूस घाबरतो की निम्माच आला, पण पॅरलल स्टबसाठी हाच आकडा हवा. तुमचा लोड वेगळा असेल तर तुमचा 1 + jb उलटा करून आकडा आधीच कागदावर लिहून ठेवा आणि मगच गच्चीवर जा.

25 − j25 च्या जवळ आलं की स्टब. 20 सेंटीमीटरचा तुकडा टीला लावा, खालचं टोक उघडंच राहू द्या, आणि टीच्या मध्यापासून 17 सेंटीमीटरच्या आसपास केबलमधून आरपार टाचणी खुपसा, अशी की ती जाळीलाही लागेल आणि मधल्या तारेलाही. टाचणीच्या जागी शॉर्ट झाला. स्क्रीनकडं बघत टाचणी काढून थोडी वरखाली खुपसायची, ठिपका चार्टच्या मध्याजवळ आला की तिथंच केबल कापून जाळी आणि तार एकत्र करून डाग द्यायचा. माझा शॉर्ट 16.8 ला आला आणि एसडब्ल्यूआर 1.1 झाला. लांबी नेहमी टीच्या मध्यापासून धरायची, या केबलवर एक सेंटीमीटर म्हणजे 0.007 लॅम्डा, आणि टी स्वतःच दोन-तीन सेंटीमीटर खातो. नंतर कधी मल्टिमीटर लावला की मधली तार आणि जाळी शॉर्ट दाखवेल, त्यानं घाबरून स्टब कापून टाकू नका, तो शॉर्ट डीसीचा आहे.

एक गोष्ट याच्याही आधीची. तुम्ही लोड कुठं मोजलात? खाली खोलीत रेडिओच्या टोकाला मोजला असेल तर चार्टवरचं सगळं फुकट. 15 मीटर आरजी-58 या फ्रिक्वेन्सीला साधारण 3 डीबी खाते, लहर वर जाताना खाते आणि परत येताना पण, त्यामुळं वर 2.6 असलेला एसडब्ल्यूआर खाली 1.6 च दिसतो आणि ठिपकाही भलत्याच जागी फिरून आलेला असतो. ज्या टोकाला लूप जोडणार त्याच टोकाशी कॅलिब्रेशन करायचं: तिथं उघडं ठेवून एकदा, डाग देऊन शॉर्ट करून एकदा, आणि 100 ओहमचे दोन रेझिस्टर पॅरलल लावून 50 करून एकदा, पाय अगदी आखूड ठेवून. मग लूप जोडून नेहमीच्या उंचीवर चढवायचा आणि लांब उभं राहून वाचायचं. वाचताना केबलला हात लावून बघा, आकडा हलला तर जाळीच्या बाहेरून करंट वाहतोय. लूप बॅलन्स्ड असतो आणि केबल नाही, म्हणून हे होतं. लूपच्या तोंडाशीच दोन-तीन क्लिपवाले फेराइट अडकवा, हात लावूनही आकडा जागचा हलेना झाला की तो लोड चार्टवर मांडा.

तुमचा टोकाशी मोजलेला लोड, फ्रिक्वेन्सी आणि केबल कोणती ते खाली लिहा, मी दोन्ही अंतरं आणि स्टब न लावता टीवर काय दिसायला पाहिजे तो आकडा काढून देतो.