किट आलं की आधी चिमटा घ्या, स्विच नंतर

> "पहिल्यांदाच कस्टम कीबोर्डचं किट मागवलंय. ६५ टक्केवाला, हॉटस्वॅप. सोल्डरिंग अजिबात येत नाही, पण घाई पण नाही. हत्यारं काय लागतील आणि सुरुवात कुठून करू? विक्रेता म्हणतोय की एकदा जोडल्यावर परत घेणार नाही, हे नॉर्मल आहे का?"

तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. नॉर्मल आहे, आणि हाच खरा प्रश्न आहे. कीकॅप कुठल्या, स्विच लिनियर घ्यावा की टॅक्टाइल, यावर इथे शंभर धागे आहेत, ते वाचा.

मी एका दुकानातून किट घेतलं होतं, नाव घेत नाही. सगळं जोडलं, केस बंद केली, आणि ५, टी, जी, बी या चार की मुक्या. एकाखाली एक, उभ्या रांगेत. बाकी सगळं चालू. दुकानाला कळवलं तर आधी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला, मग फोटो मागितले, मग म्हणाले स्विच बसवले म्हणजे बोर्ड 'वापरलेला' झाला, आता उत्पादकाशी बोला. उत्पादक म्हणाला, जिथून घेतलं तिथे बोला. कीबोर्डचं किट विकायचं आणि स्विच बसवला की वॉरंटी संपली म्हणायचं! स्विच बसवायचे नाहीत तर काय भिंतीवर टांगायचा? असो.

म्हणून माझं ठाम मत: स्विचच्या पाकिटाला हात लावायच्या आधी नुसता पीसीबी तपासा. तो हिरवा-काळा बोर्ड लाकडी टेबलावर किंवा पुठ्ठ्यावर ठेवा. ज्या चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीतून तो आला तिच्यावर ठेवू नका, तिच्या पृष्ठभागातून थोडी वीज वाहू शकते. यूएसबीचं पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असेल (हल्ली बऱ्याच किटमध्ये असतं) तर त्याची केबल जोडा. जोडताना आणि काढताना कनेक्टर धरायचा, तारा ओढायच्या नाहीत. मग कॉम्प्युटरला लावा आणि क्रोम किंवा एजमध्ये `usevia.app` उघडा. बोर्ड ओळखला गेला नाही तर विक्रेत्याकडून त्या मॉडेलची JSON फाइल मागून घ्या आणि ती Design टॅबमध्ये टाका. टॅब दिसत नसेल तर Settings मधून चालू होतो. मग Key Tester मध्ये जाऊन Test Matrix चालू करा. हे एवढ्यासाठी की एफएन की कॉम्प्युटरला काहीच पाठवत नाही, त्यामुळे साध्या वेबसाइटवरच्या टेस्टरमध्ये ती कायम मेलेलीच दिसते आणि नवखा माणूस उगाच घाबरतो.

आता धातूचा चिमटा. हॉटस्वॅप बोर्डावर प्रत्येक स्विचखाली सोल्डरिंगशिवाय पिना खोचायचं सॉकेट असतं, आणि त्याला स्विचच्या दोन पिनांसाठी दोन संपर्क असतात. चिमट्याचं एक टोक एकाला, दुसरं दुसऱ्याला, क्षणभर. स्क्रीनवर ती की उजळली पाहिजे. पुढची. असं ६७-६८ वेळा. यूएसबी पोर्ट आणि चिपच्या पायांपासून चिमटा लांब ठेवा, बाकी धोका नाही. आणि हे सगळं फोनवर व्हिडिओ करत करा, ऑर्डर नंबर फ्रेममध्ये येऊ द्या.

निकाल कसा वाचायचा? एकच की मेली असेल तर तिचं सॉकेट, त्याचं सोल्डर किंवा शेजारचा डायोड. पूर्ण उभी किंवा आडवी रांग मेली असेल तर सॉकेटांचा दोष नाही. की मॅट्रिक्समध्ये जोडलेल्या असतात, एका कॉलमच्या सगळ्या कींची एकच लाइन चिपपर्यंत जाते, आणि ती वाटेत कुठेतरी तुटलेली असते. माझं तेच होतं. शेवटी मोबाइल दुरुस्तीवाल्याने चिपच्या पायापासून त्या कॉलमपर्यंत केसासारखी बारीक तार ओढून दिली, बोर्ड आजही चालू आहे. पण हे तुमच्याकडे बोर्ड कोरा असताना निघालं तर तार-बिर काही करू नका, सरळ व्हिडिओ पाठवा आणि बदलून मागा.

बोर्ड पास झाला की स्टॅबिलायझर, म्हणजे लांब की तिरकी होऊ नये म्हणून तिच्याखाली बसणारा तारेचा आधार. ६५ टक्केमध्ये साधारण चार असतात: बॅकस्पेस, एंटर, डावा शिफ्ट, स्पेसबार. स्क्रूवाले असतील तर सोबतचे वॉशर विसरू नका आणि स्विच धरणारी प्लेट चढवायच्या आधीच बसवा, नंतर जागा मिळत नाही. बसवण्याआधी प्रत्येकाची तार काचेवर ठेवून दोन्ही टोकं आळीपाळीने दाबा. डुगडुगली तर वाकडी आहे, बोटांनी हळूहळू सरळ करा. कितीही ग्रीस फासलं तरी वाकड्या तारेचा खडखडाट जात नाही. स्टॅबिलायझरच्या प्लास्टिकच्या घरांच्या आत क्रायटॉक्स २०५जी० ग्रीसचा पातळ हात ब्रशने, तारेच्या टोकांना दाट डायइलेक्ट्रिक ग्रीस. मग प्लेट चढवा, फक्त स्पेसबारचा स्विच आणि कॅप लावून डावी-उजवी बाजू वेगवेगळी दाबा. ज्या बाजूला टिकटिक येईल त्याच बाजूचं तारेचं टोक पुन्हा बघा. आत्ता पाच मिनिटांचं काम आहे, नंतर सगळं उघडावं लागतं.

स्विच बसवताना घाई नाही म्हणालात, तेच हवंय. प्रत्येक स्विचच्या दोन्ही तांब्याच्या पिना उजेडात बघायच्या, वाकलेली असेल तर चिमट्याने सरळ करायची. आधी चार कोपरे, म्हणजे प्लेट आणि पीसीबी एका रेषेत येतात. दाबताना मागून बोटाने सॉकेटला आधार द्या. आधार नसेल आणि पिन वाकडी असेल तर जोराने सॉकेट पीसीबीवरून उचकटतं, कधी खालचा तांब्याचा पॅडही घेऊन येतं, आणि मग सोल्डरिंग येणारा माणूस शोधा. स्विच आत जात नसेल तर जोर लावू नका, काढून पिना बघा. सगळे बसले की पुन्हा Key Tester. आता एखादी की मुकी निघाली तर दहापैकी नऊ वेळा पिन दुमडलेली असते, कारण बोर्ड चांगला आहे हे तुम्ही आधीच पाहिलंय. मगच फोम, गॅस्केट, केस. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

हत्यारं: चिमटा, स्विच पुलर, तारेचा कीकॅप पुलर (प्लास्टिकचा गोल पुलर कॅपला ओरखडे पाडतो), शून्य नंबरचा ब्रश, आणि किटच्या स्क्रूला बसणारा ड्रायव्हर किंवा ॲलन की. स्विच उघडून ल्यूब करणं पहिल्या बोर्डाला टाळा, फॅक्टरी ल्यूब केलेले घ्या. हे माझं मत, इथे भांडायला येणारे येतीलच.

आणि मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करत असाल तर ६५ टक्के बरोबर निवडलंत. पुढे कुणी ४० टक्केचा मोह घातला तर लक्षात असू द्या, ॉ बॅकस्लॅशच्या कीवर आहे, आणि त्या छोट्या बोर्डांवर ती स्वतंत्र की सहसा नसतेच. 'डॉक्टर' लिहायला दरवेळी लेयर बदलत बसाल.

चिमटा चाचणीत काही मुकं निघालं तर कुठल्या कुठल्या की ते इथेच लिहा, रांग आहे का ते बघून सांगतो.