जुन्या बिलांना नवी अट लावता येते का?

प्रश्न : वकीलसाहेब, आम्ही वितरक आहोत. 1 एप्रिलला सगळ्या ग्राहकांना ईमेल पाठवला : ‘यापुढे उधारी 45 ऐवजी 30 दिवसांची. 10 दिवसांत पैसे दिल्यास 2 टक्के सूट, उशीर झाल्यास दरमहा 2 टक्के विलंब शुल्क. हे सर्व बिलांना लागू.’ एका जुन्या ग्राहकाने 3 तारखेला ‘आम्हाला जुन्याच अटी मान्य’ असं कळवलं. 8 तारखेला मात्र 20 मार्चच्या एक लाखाच्या बिलातून 2 टक्के कापून 98,000 पाठवले. त्याचंच 10 फेब्रुवारीचं दुसरं बिल थकलेलं आहे, पण विलंब शुल्क द्यायला तयार नाही. त्याची नवी ऑर्डर आली आहे, माल उद्या निघेल. काय करू?

उत्तर : माल उद्या काढू नका. आधी त्याच्या 3 तारखेच्या ईमेलला लेखी उत्तर द्या. बाकीचे मुद्दे आठवडाभर थांबले तरी चालेल, हा थांबणार नाही.

त्याने जुन्या अटी मान्य असल्याचं कळवलं आणि त्यानंतर ऑर्डर दिली. म्हणजे ती ऑर्डर 45 दिवसांच्या उधारीवर आणि विलंब शुल्काशिवाय दिलेली आहे. एक शब्दही न बोलता तुम्ही माल पाठवलात, तर त्याच्या अटींवरच पाठवलात असं म्हणायला त्याला पूर्ण वाव मिळेल. मालासोबतच्या बिलावर 30 दिवस छापलेले असले तरी त्याचा फारसा उपयोग नाही, कारण बिल हातात पडेपर्यंत सौदा ठरून गेलेला असतो. तुमचा ईमेल म्हणजे एक प्रस्ताव आहे. समोरचा गप्प राहिला म्हणून तो मान्य झाला असं होत नाही, आणि इथे तर त्याने स्पष्ट नकार दिला आहे. तेव्हा आजच लिहा : ‘तुमची ऑर्डर आम्ही 30 दिवसांच्या मुदतीवर आणि 1 एप्रिलच्या अटींवरच स्वीकारू शकतो. मान्य असल्यास या ईमेलला होकार द्या, त्यानंतर माल पाठवू.’ होकार आला की गाडी भरा. मात्र तुमच्या दोघांत मुदतीचा लेखी करार असेल आणि ‘बदल दोघांच्या सहीनेच’ असं त्यात असेल, तर करार संपेपर्यंत जुन्या अटीच चालतील. कराराची प्रत ईमेल पाठवण्याआधी काढून वाचायला हवी होती, ती आता तरी वाचा.

जुन्या बिलांचा घोळ ‘सर्व बिलांना लागू’ या शब्दांनी केला आहे. असे ईमेल मी वारंवार पाहतो आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ‘1 एप्रिलपासून स्वीकारलेल्या ऑर्डरींना लागू’ एवढं लिहिलं असतं तर यातलं काहीच उद्भवलं नसतं. 10 फेब्रुवारीच्या बिलाची 45 दिवसांची मुदत 27 मार्चला संपली, म्हणजे ते थकीतच आहे. पण तो सौदा झाला तेव्हा विलंब शुल्काची अट नव्हती. झालेल्या सौद्यावर एकट्याने नवा बोजा टाकता येत नाही. मूळ रक्कम मागा. उशिरावर कायद्याने वेगळं व्याज मिळतं का, हे तुमच्याकडच्या वकिलाला विचारा.

सुटीचं उलटं आहे. बोजा लादण्यासाठी ग्राहकाची संमती लागते, सवलत मात्र तुम्ही स्वतःहून देऊ केलीत. 20 मार्चच्या बिलाचे दहा दिवस 30 मार्चला, म्हणजे ईमेल जाण्याआधीच संपले होते, असं तुम्ही म्हणाल. पण दहा दिवस बिलाच्या तारखेपासून की ईमेलपासून, हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि संदिग्ध वाक्य बहुधा लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचलं जातं. अटी नाकारून सूट घेणं चुकीचं आहे, हा तुमचा मुद्दा रास्त आहे. तरीही दोन हजारांसाठी कोर्टाची पायरी चढू नका, तिथे त्याहून जास्त खर्च तारखांवर होईल. सूट सोडा, पण लिहून सोडा : ‘या एका बिलापुरती सूट दिली आहे, पुढे ती नव्या अटी मान्य केल्यासच मिळेल.’ नाहीतर तो उद्या हाच पायंडा दाखवेल.

दरमहा 2 टक्के म्हणजे साधं व्याज धरलं तरी वर्षाला 24 टक्के. ग्राहकाने मान्य केलेला दरसुद्धा उशिरामुळे होणाऱ्या नुकसानीच्या मानाने फार जड वाटला, तर अनेक ठिकाणी न्यायालयं तो दंड समजून कमी करतात. तुमच्या जागी मी बँक तुमच्याकडून जे व्याज घेते त्याच्या आसपास दर ठेवला असता, कारण तो कशावरून ठरवला ते दाखवता येतं.

बाकीच्या ग्राहकांनाही याच आठवड्यात दुरुस्तीचा ईमेल पाठवा. नव्या अटी कोणत्या तारखेनंतर स्वीकारलेल्या ऑर्डरींना लागू, 10 आणि 30 दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे, आणि पैसे तुमच्या खात्यात जमा होतील तो दिवस धरायचा, ही तीन वाक्यं त्यात हवीत. सूट करासहित रकमेवर की कराआधीच्या, तेही लिहा. पहिल्या ईमेलनंतर आलेल्या ऑर्डरींची यादी करून कोणी होकार दिला, कोणी नाही, हे आत्ताच टिपून ठेवा.