स्वनिमातला 'इम' आणि वडारीतला 'च'

प्रश्न : पीएच.डी.साठी मार्गदर्शक मॅडमना प्रस्तावाचं पत्र लिहिते आहे. विषय : सोलापूरजवळच्या आमच्या गावात बोलल्या जाणाऱ्या वडारीची ध्वनिव्यवस्था. 'या भाषेतली सर्व अक्षरे नोंदवणार' असं लिहिलं तर चालेल का? की 'स्वनिम' लिहू? दोन्हींचा अर्थ एकच ना?

उत्तर : एकच नाही, आणि 'अक्षरे' तर अजिबात लिहू नका. सोलापुरात चांगली शिकलेली माणसंसुद्धा बिनदिक्कत म्हणतात, "त्यांच्या भाषेला अक्षरंच न्हाईत की ओ!" म्हणायचं असतं लिपी नाही, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात जातं की ती भाषाच नाही. लिपी नसली म्हणून अक्षरं कशी नसतील? ऋक्प्रातिशाख्य या ऋग्वेदाच्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथात अक्षराची व्याख्या स्वरावर बेतलेली आहे. स्वर एकटा असो, व्यंजनासह असो की अनुस्वारासह, ते अक्षर. म्हणजे तोंडातून एका झटक्यात निघणारा तुकडा. 'पाणी' या शब्दात अशी दोन अक्षरं आहेत, तो कागदावर लिहा अगर लिहू नका. पतंजलीच्या महाभाष्यात 'जे झिजत नाही ते अक्षर' ही सगळ्यांना पाठ असलेली व्युत्पत्ती आहेच, पण तिथेच 'व्यापणे' या अर्थाच्या धातूवरून दुसरीही दिली आहे. ती कुणी सांगत नाही. असो. 'वर्ण' हा शब्द वर्णमालेला इतका चिकटलाय की तो वापरलात तर वाचणाऱ्याला क, ख, ग दिसायला लागतात. तोही नको.

राहिला 'स्वनिम', म्हणजे भाषेत अर्थाचा फरक करणारा ध्वनी. या शब्दावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. एका पाठ्यपुस्तकात 'इंग्रजी फोनीमवरून पाडलेला कृत्रिम शब्द' अशी त्याची बोळवण केलेली मी वाचली आहे. लिहिणाऱ्याला कळलंच नाही की टोमणा मारता मारता आपण व्युत्पत्ती सांगून बसलो. 'कृत्रिम' म्हणजे करण्यातून झालेलं. पाणिनीचं सूत्र आहे, ४.४.२०. त्याच सूत्रावर एक वार्तिक, म्हणजे पुरवणीचा नियम, आहे, की भाववाचक प्रत्यय लागलेल्या नामाला 'त्यातून तयार झालेलं' या अर्थी 'इम' लागतो. पाकातून झालेलं ते पाकिम, कुटण्यातून झालेलं ते कुट्टिम. कुट्टिम म्हणजे कुटून, ठोकून केलेली फरसबंदी जमीन. दगडाच्या कामात पिढ्या घालवलेल्या वडार समाजाच्या भाषेवर तुम्ही लिहिताय, म्हणून हा शब्द मुद्दाम सांगतो.

आता 'स्वन' पाहा. तोही भाववाचकच, आणि तो कसा सिद्ध होतो याचं पाणिनीनं वेगळं सूत्रच दिलंय, ३.३.६२. म्हणजे स्वन अधिक इम, 'स्वनातून घडवलेलं', अगदी नियमात बसतं. शब्द पाडणाऱ्यापुढे फोनीम होता हे उघडच आहे, पण त्याच्या मनात कुट्टिमही होता असं माझं ठाम मत आहे. यावर एका व्याकरणपंडितांनी मला 'मग रूपिमाचं काय?' असं विचारून गप्प करायचा प्रयत्न केला. रूपिम, म्हणजे मॉर्फीमसाठीचा शब्द, नंतर देखादेखी झाला असेल. दुसऱ्या शब्दाच्या नियमभंगाची शिक्षा पहिल्याला कशाला?

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. स्वन कानाला ऐकू येतो. स्वनिम मात्र तुलना करून घडवावा लागतो. म्हणून 'स्वनिम नोंदवणार' हेही चूक. नोंदवायचे स्वन, आणि ठरवायचे स्वनिम. मॅडम पत्रात पहिल्यांदा हेच शोधतील की कशावरून ठरवणार.

त्यासाठी सगळी व्यवस्था पत्रात ओतू नका, एक 'च' पुरे. मराठीत दोन च आहेत. 'चार आणे' मधला तालव्य, 'गुरांना चार' मधला दंततालव्य. 'हे जग' आणि 'सुखानं जग' यांतल्या ज-चंही तेच. केवळ त्या एका फरकानं अर्थ बदलतो, म्हणून मराठीत ते दोन स्वनिम, आणि देवनागरीला त्याचा पत्ता नाही. तेलुगूत गंमत वेगळी. तिथेही दोन्ही च ऐकू येतात, पण देशी शब्दांत जागा वाटून घेतलेल्या. इ-ए च्या आधी तालव्य : चीम म्हणजे मुंगी, चेप म्हणजे मासा. अ-उ-ओ च्या आधी दंततालव्य : चलि म्हणजे थंडी, चुट्टम म्हणजे नातेवाईक. पुढचा स्वर कळला की च कुठला ते आपोआप कळतं, म्हणून देशी शब्दांपुरता तो एकच स्वनिम.

वडारी ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात, १९०६ च्या चौथ्या खंडात, तेलुगूखाली येते, पण ती बोलणारी माणसं मराठीत वावरतात. म्हणजे चहा घरात आला. त्यात मराठी तालव्य च, आणि पुढे अ. तुमच्या गावातली आजी 'चहा' म्हणताना चलितलाच दंततालव्य च काढत असेल, तर जुनी वाटणी शाबूत आहे. नातवंडं चलित एक आणि चहात दुसरा काढत असतील, तर एकाच स्वराआधी दोन च आले आणि वाटणी मोडली. तेव्हा तिथे दोन स्वनिम मानावे लागतील, निदान उसन्या शब्दांच्या थरात. अर्थ बदलणारी चोख जोडी मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तरी अशी शेजारची जोडी चालते. हे पत्रात एका परिच्छेदात मांडा :

'वडारीतील तालव्य व दंततालव्य च हे एकाच स्वनिमाचे दोन स्वन आहेत की दोन स्वतंत्र स्वनिम, हे मी देशी व उसन्या शब्दांत पुढील स्वरानुसार तपासणार आहे. आजी-आजोबांची पिढी व शाळकरी पिढी यांची तुलना करणार आहे.'

पुढे कृती लिहा. शब्दांची यादी देवनागरीत लिहून वाचायला देऊ नका, माणूस शाळेतला च काढतो. 'थंडीला काय म्हणता?' असं मराठीत विचारणंही धोक्याचं, उत्तरात मराठी वळणाचा उच्चार डोकावतो. वस्तू किंवा चित्र दाखवा, आणि तो शब्द प्रत्येकाकडून वडारीतल्या एकाच ठरावीक वाक्याच्या मधोमध तीनदा म्हणवून घ्या. सुटे शब्द ओळीनं म्हणवले की यादीतल्या शेवटच्या शब्दाचा सूर पडतो आणि तो लांबतो. ध्वनिमुद्रण न दाबलेल्या WAV फाइलमध्येच करा, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. दंततालव्य च-च्या घर्षणाचा जोर वरच्या पट्टीत असतो, तालव्याचा त्याखाली. साध्या फोनकॉलमध्ये ३४०० हर्ट्झच्या वरचं जवळपास सगळं जातं आणि नेमका तोच फरक पुसला जातो, तेव्हा फोनवर नमुने मागवून भागणार नाही.

आणि पत्रात उदाहरणं देवनागरीत देणार असाल, तर दंततालव्याखाली नुक्ता द्या, च़लि, च़ुट्टम, आणि तसं केल्याचं पहिल्याच पानावर सांगा. नाहीतर मॅडम सगळे च चहातले वाचतील.