पिरिऑडिक की पर्पेच्युअल: तूट कुठे दिसते?

प्रश्न: मालाच्या साठ्याचा हिशोब ठेवण्याच्या पिरिऑडिक आणि पर्पेच्युअल या दोन्ही पद्धतींत विकलेल्या मालाची किंमत वेगळी का येते?

पिरिऑडिकमध्ये ती वजाबाकीने निघते: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा मोजून आलेला अखेरचा साठा. समजा 100 नग होते, 400 घेतले, दर सगळ्यांचा 50. वर्षअखेर मोजले तर 60 भरले. म्हणजे 440 नग गेले, किंमत 22,000. पण बिलं 430 नगांचीच फाटली असतील तर? चोरीला गेलेले किंवा फुटलेले 10 नगही विकलेल्या मालाच्या किमतीत मिसळले, आणि या हिशोबातून ते कधीच कळणार नाही.

पर्पेच्युअलमध्ये प्रत्येक विक्रीसोबतच किंमत नोंदवतात: 430 × 50 = 21,500. वहीत 70, हातात 60; 10 नगांची, म्हणजे 500 रुपयांची तूट वेगळी दिसते. मात्र मोजणी इथेही करावीच लागते, नाहीतर वही 70 च दाखवत राहील.