मार्कशीट माहेरची, आधार सासरचं

"मॅडम, दहावीपासून डिग्रीपर्यंत सगळं माहेरच्या नावावर आणि आधार, पॅन सासरच्या. बायोडेटावर कोणतं नाव टाकू? दोन नावं दिसली तर कागद खोटे वाटतील ना?"

सिडको असो, पंचवटी असो की नाशिकरोड, मुलं शाळेत जायला लागली की पुन्हा नोकरीच्या खटपटीला लागलेल्या बायकांकडून हे हमखास ऐकू येतं. वैशालीचंच सांगते. (नावं अर्थातच बदलली आहेत.)

बी.एस्सी. केमिस्ट्री, २०१२. लग्नाआधी सातपूरच्या एका कंपनीत लॅबमध्ये नोकरी. आता अंबडच्या एका कंपनीत निवड झाली आणि गाडी पडताळणीत अडकली. नव्या कंपनीने जुनीकडे चौकशी केली, "वैशाली सचिन निकम तुमच्याकडे होत्या का?" उत्तर आलं, अशा नावाचं कोणी नव्हतं. खरंच नव्हतं! त्यांच्या रजिस्टरला होती ती वैशाली प्रकाश जाधव. आणि बायोडेटात 'जाधव' कुठेच नव्हतं.

"मी लपवलं नाही हो. सगळीकडे एकच नाव दिसावं म्हणून जुनं काढलं."

आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, त्यामुळे जुन्या-नव्या नावात फक्त पहिला शब्द सारखा उरतो. समोरच्याला ती दोन वेगळी माणसं वाटली तर त्याचा दोष नाही.

कागदांचा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाचे कागद मी लगेच हातात घेत नाही. तो स्वतःची हकीकत कशी सांगतो, ते आधी ऐकते. वैशालीच्या बोलण्यात 'जाधव' म्हणजे दुरुस्त करायची राहून गेलेली चूक होती. डिग्रीवरचं नाव बदलून घ्यायला ती कॉलेजातही जाऊन आली होती आणि हात हलवत परतली होती.

मग मी डिग्री मागितली आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

"पुणे विद्यापीठ."

"आता काय म्हणतात?"

"सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ."

"नाव बदललं २०१४ मध्ये. मग तुमची डिग्री खोटी ठरली का?"

"छे! तेव्हा नावच ते होतं." एवढं बोलून ती थांबली. डिग्रीवरच्या स्वतःच्या नावाकडे बघत म्हणाली, "माझंही तेव्हा तेच होतं."

हे वाक्य मी तिला सांगितलं असतं तर तिने नुसती मान डोलावली असती. ते तिच्या तोंडून आलं, म्हणून पुढचं काम सोपं झालं. परीक्षा ज्या नावाने दिली, ते नाव प्रमाणपत्रावर राहणारच. ते बदलायला धावू नका, दोन नावं जोडणारा कागद पक्का करा.

तो कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. त्यावरचं माहेरचं नाव मार्कशीटशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते स्पेलिंगसकट तपासा. जुळत नसेल किंवा लग्नात पहिलं नावही बदललं असेल, तर नुसत्या दाखल्यावर विसंबू नका. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या. त्यात जुनं आणि नवं नाव एकत्र येतं. सरकारी भरतीतही विवाहित स्त्रियांकडे नावबदलाचा पुरावा मागतात, तिथे हेच कागद लागतात.

बायोडेटाचा माथा आम्ही असा केला :

वैशाली सचिन निकम
(पदवी व जुन्या अनुभवपत्रावरील नाव : वैशाली प्रकाश जाधव)

वरचं नाव आधारवर आहे तसंच्या तसं. शिक्षणात 'पुणे विद्यापीठ, २०१२' हे डिग्रीवर आहे तसं. सातपूरच्या नोकरीपुढे 'तेव्हाचे नाव वै. प्र. जाधव'. पडताळणीच्या फॉर्मवर 'पूर्वीचे नाव' असा रकाना बहुधा असतो. तो रिकामा सोडू नका, घोटाळा तिथेच होतो. नावापुढे 'सौ.' मात्र लावू नका, ते आधारवर नसतं. आणि लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. ज्यांनी बदललेलं नाही त्यांनी सासरच्यांच्या आग्रहाखातर फक्त बायोडेटावर बदलू नये.

वैशालीने दाखला जोडून खुलाशाची मेल पाठवली. कंपनीने जुन्या नावाने पुन्हा चौकशी केली आणि या वेळी होकार आला.

ज्यांचं आधार अजून जुन्या नावावर आहे, त्यांनी केंद्रावर जाण्याआधी नाव नेमकं कसं हवं ते कागदावर लिहून न्यावं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यानंतर पॅन (नंबर तोच राहतो), मग बँक. जुन्या नोकरीचा पीएफ असेल तर नव्या कंपनीत तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, द्या, दुसरा काढू नका. तिथलं नाव आधारशी जुळवायला संयुक्त घोषणापत्र भरावं लागू शकतं. वैशालीचं ते काम अजून चालू आहे.