कांद्याच्या एका एकरावरच स्लाइड बनवा

ठिबक, तुषार आणि पाटपाणी यांत किती पाणी लागतं हे शेतकऱ्यांना स्लाइडवर समजावताना पहिल्याच स्लाइडवर सूत्रं टाकू नका भाऊ, शेतकरी तिथेच उठून जातो. एकच हिशेब घ्या: रब्बीचा कांदा, एक एकर, गाठ पोसायची वेळ. त्या दिवसांत पिकाला रोज साधारण ५ मिमी पाणी लागतं असं धरा. एकरावर १ मिमी म्हणजे सुमारे ४,००० लिटर, म्हणजे रोजची गरज २०,००० लिटर.

आता वाटेत वाया जाणारं पाणी धरून विहिरीतून किती उपसावं लागेल ते दाखवा:

- ठिबक (९० टक्के पोहोचतं): २२,००० लिटर
- तुषार (७५ टक्के): २७,००० लिटर
- पाटपाणी (५० टक्के): ४०,००० लिटर

मोटार तासाला २०,००० लिटर फेकत असेल, तर ठिबकला तासाभराच्या थोडं वर आणि पाटाला दोन तास. लिटरपेक्षा हे तास लोकांना लगेच पटतात, कारण वीज मोजूनच मिळते.

नवे लोक एक गोष्ट हमखास विसरतात. ठिबक बसवूनही पाटासारखं आठ दिवसांचं पाणी एकदम सोडतात. कांद्याची मुळं वीत-दीड वीतच खोल, बाकीचं पाणी खाली निघून जातं. ठिबक रोज किंवा एक दिवसाआड, थोडं थोडं. तुषार मात्र वारा पडलेला असताना, पहाटे. वाऱ्यात एक कड कोरडीच राहते.

शेवटच्या स्लाइडवर फक्त फोटो ठेवा: वीतभर खोलीची माती मुठीत दाबलेली. गोळा झाला तर आज पाणी नको, भुगा झाला तर उशीर झालाय.