थोरल्याचा ही, थोरल्याचाही, थोरल्याचाच

‘मीच’, ‘आजच’ यांतला च जोडून लिहायचा की सुटा? मुलाच्या बाईंनी सुटा लिहून दिला आहे. – मालवण

जोडून. मराठीत सुटा च नसतोच.

किराणा दुकानाच्या पाटीवर रंगाऱ्याने ‘मिठ ही मिळेल’ असं रंगवलंय. बरोबर आहे का? – गुहागर

‘मीठही मिळेल’ असं हवं. रंगारी कुठे घसरला ते सांगतो, कारण पत्रिकांची मुद्रितं तपासताना हीच घसरण मला दर आठवड्याला दिसते. ‘मिठात’, ‘मिठाचा’ लिहिताना मि ऱ्हस्व होतो, कारण तिथे शब्दाचं सामान्यरूप झालेलं असतं. ही आणि च मूळ शब्दाला हात लावत नाहीत, नुसते मागे येऊन चिकटतात. म्हणून मीठही, फूलच, जमीनही. आधी विभक्तीचा प्रत्यय लागला असेल तरच मिठातही, फुलालाच, जमिनीवरही. पाटी पुन्हा रंगवायच्या आधी मजकूर कागदावर लिहून कोणा जाणत्याला दाखवा. रंगाऱ्याच्या पाठांतरावर जाऊ नका.

वडिलांच्या पश्चात आम्ही भावांनी वाटणीचा कच्चा मसुदा टाइप करून घेतला. त्यात आहे, ‘विहिरीचे पाणी घेण्याचा हक्क थोरल्याचा ही राहील.’ दादा म्हणतो पाणी त्याच्या एकट्याचं, मी म्हणतो दोघांचं. बरोबर कोण? – संगमेश्वर

मराठी म्हणून वाचलं तर तुम्ही. पण दादा उगीच भांडत नाहीत, आणि माझी झोप उडते ती नेमकी इथेच.

मराठी ही म्हणजे ‘सुद्धा’. हिंदी ही म्हणजे आपला च. ‘बड़े भाई का ही हक़’ म्हणजे थोरल्याचाच हक्क. आपल्या ‘थोरल्याचाही’ला हिंदीत ‘बड़े भाई का भी’ म्हणावं लागेल. अक्षर एकच आणि अर्थ अगदी उलटे. त्यात हिंदीत ही सुटा लिहितात, मराठीत जोडून. त्यामुळे मराठी कागदावर सुटा ही दिसला की तो टाइप करणाऱ्याच्या हिंदी सवयीतून आला, की फोनच्या कीबोर्डने शब्द सुचवल्यावर मागे जागा सोडली म्हणून तुटला, हे नुसतं बघून ओळखता येत नाही. पाटीवर चालून जाईल. पाण्याच्या हक्कात कसं चालेल?

‘पण सुटा ही मराठीतही असतो की!’ असं कोणी म्हणेल. असतो, पण तो वेगळा. ‘विहीर ही सामाईक राहील’ यातला ही म्हणजे विहिरीकडे बोट दाखवणारं सर्वनाम. ते सुटंच हवं. ‘विहीरही सामाईक राहील’ म्हणजे पाणंद सामाईक आहेच, शिवाय विहीरसुद्धा. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. कोणतं आपल्याला म्हणायचंय ते ओळखायला विहिरीच्या जागी एखादा पुल्लिंगी शब्द ठेवून बघा, समजा पाणवठा. ‘पाणवठा हा सामाईक राहील’ असं म्हणावंसं वाटलं, म्हणजे ही बदलून हा झाला, तर सुटं लिहा. ‘पाणवठाही सामाईक राहील’ असं आलं, म्हणजे ही तसाच टिकला, तर जोडून लिहा.

ही कसोटी तुमच्या वाक्याला लावू. ‘हक्क’ पुल्लिंगीच आहे. सर्वनाम असतं तर तिथे ‘हा’ आलं असतं. आलंय ‘ही’, म्हणजे सर्वनामाचा मार्ग बंद. उरले दोनच: तुटलेला मराठी ही, म्हणजे थोरल्यालासुद्धा; नाहीतर हिंदीतून आलेला ही, म्हणजे थोरल्यालाच. मसुद्याच्या बाकीच्या ओळी बघा. ‘फक्त’ किंवा ‘केवळ’ म्हणायचं आहे तिथे आणखी कुठे सुटा ही पडलाय का? ‘सुद्धा’च्या अर्थाचा ही दुसरीकडे कसा लिहिलाय? त्यावरून टाइप करणाऱ्याची सवय कळेल. तुम्हा भावांमधलं ठरलेलं मात्र त्यावरून कळणार नाही.

म्हणून व्याकरणावर भिस्त ठेवू नका, वाक्यच बदला. पाणी दोघांचं असेल तर ‘विहिरीचे पाणी घेण्याचा हक्क दोन्ही भावांना समान राहील’. एकट्याचं असेल तर ‘हा हक्क केवळ थोरल्या भावाला राहील, धाकट्याला राहणार नाही’. हक्क एका अक्षरावर टांगायचा नसतो. आणि सह्या व्हायच्या आधी, नोंदणीच्या कितीतरी आधी, मसुदा वकिलांकडे न्या. सही झाल्यावर मला पत्र पाठवून काही उपयोग नाही. ‘आमच्यात असंच लिहितात’ हे मला सांगू नका, वकिलांनाही सांगू नका.

‘तो म्हणाला कि’ की ‘तो म्हणाला की’? – वेंगुर्ला

की. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, हा साहित्य महामंडळाचा १९६२ सालचा नियम; आणि, नि हे त्याचे अपवाद, त्यांत की नाही. कि हिंदीतला.

स्वल्पविराम कीच्या आधी की नंतर? – दापोली

द्यायचाच तर आधी: ‘तो म्हणाला, की होडी उद्या निघेल.’ की पुढच्या वाक्याचा आहे. बोलताना आपण कीनंतर थांबतो म्हणून हात तिथे जातो. छोट्या वाक्यात मी देतच नाही. तुमच्या छापखान्याची वेगळी पद्धत असेल तर तीच शेवटपर्यंत पाळा. एक मात्र टाळा: की आणि अवतरणचिन्हं एकत्र.

ग्रामपंचायतीच्या अर्जात मी लिहिलं, ‘शेजारी म्हणाले की गडगा मी बांधला.’ तिथे विचारलं, बांधला कोणी? माझं वाक्य चुकलं का? – राजापूर

वाक्य चुकलं नाही, जागा चुकली. मराठीत कीनंतर बोलणाऱ्याचे शब्द त्याच्याच तोंडचे येतात, म्हणून तुमच्या वाक्यातला ‘मी’ म्हणजे शेजारी. गावात तर कीसुद्धा लागत नाही. ‘उद्या येतंय म्हणान सांगल्यान’ म्हटलं की कोण येणार ते सगळ्यांना कळतं. पण अर्जाखाली सही तुमची आहे. सही बघून वाचणारा ‘मी’ तुमच्याकडे ओढतो आणि गडगा तुमच्या अंगावर येतो.

इंग्रजी शाळेत शिकलेले यावर ‘शेजारी म्हणाले की गडगा त्यांनी बांधला’ असं सुचवतात. मग त्यांनी म्हणजे शेजाऱ्यांनी, की त्यांच्या वडिलांनी? ‘आपण बांधला’ लिहिलंत तर आपण म्हणजे ते स्वतः, की तुम्ही, की तुम्ही दोघं मिळून? अर्जात की सोडून द्या आणि सरळ लिहा: शेजारी म्हणाले, ‘गडगा मी बांधला.’ कधी म्हणाले, कोणासमोर म्हणाले, तेही लिहा. हद्दीचा वाद असेल तर अर्ज देण्याआधी वकिलांना दाखवा. आठवडाभर थांबलात तर शेजारी आपलं म्हणणंच बदलतील.

आंब्याच्या पेटीवर ‘फक्त देवगडचाच हापूस’ छापू का? – देवगड

फक्त आणि च एकच काम करतात, एकाला रजा द्या. च कुठे लावताय ते मात्र बघा. ‘देवगडचाच हापूस’ म्हणजे दुसऱ्या गावचा नाही. ‘देवगडचा हापूसच’ म्हणजे पायरी, रायवळ नाही. ‘देवगडचा हापूस आमच्याकडेच’ म्हणजे बाकीचे विक्रेते खोटे. पेटीत दोन थर बाहेरच्या आंब्याचे असणार असतील तर प्रामाणिक अक्षर ही आहे: ‘देवगडचा हापूसही’. ते छापायला कोणी येत नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा पेटीवर नाव छापण्याआधी ते वापरायची परवानगी कशी घ्यायची हे कृषी कार्यालयात विचारा. मी फक्त च तपासतो, पेटी उघडत नाही.